कोरड्या त्वचेच्या बाळाची आंघोळ: केस कसे धुवावेत, किती वेळा न्हाऊ घालावे आणि क्लेन्झर कसा निवडावा

तीन-चार महिन्यांच्या बऱ्याच बाळांमध्ये एकाच वेळी दोन परस्परविरुद्ध गोष्टी दिसतात. नडग्या, हातांच्या बाहेरच्या बाजू आणि गाल खरखरीत लागतात, आणि त्याच बाळाच्या डोक्यावर मात्र पिवळसर, तेलकट खपली धरलेली असते. अशा वेळी घरात बहुधा एकच बाटली असते आणि तिच्यातले लिक्विड डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे लावले जाते. खपली जावी म्हणून लिक्विडचे प्रमाण वाढवले की अंग अधिक कोरडे पडते, आणि अंग कोरडे पडले म्हणून भरपूर तेल चोळले की तेच तेल डोक्यावर साठून खपली आणखी घट्ट होते. डोके आणि अंग यांच्या गरजा वेगळ्या आहेत, हे लक्षात घेऊन आंघोळीचे दोन भाग करणे, हाच या लेखातील पद्धतीचा गाभा आहे.

ही पद्धत पूर्ण दिवसांच्या, निरोगी आणि नाळ गळून बेंबी कोरडी झालेल्या बाळासाठी आहे. नाळ गळेपर्यंत टबातल्या आंघोळीऐवजी ओल्या मऊ कापडाने अंग पुसून घ्यावे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, तर त्याच्या आंघोळीचे वेळापत्रक आणि त्वचेवर लावायची प्रत्येक गोष्ट बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावी.

त्वचा कोरडी का पडते

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर पाणी आत धरून ठेवण्याचे आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ अडवण्याचे काम करतो. बाळामध्ये हा थर मोठ्यांच्या तुलनेत पातळ असतो. तो पाणी पटकन शोषतो आणि तितक्याच पटकन गमावतो. पाण्यात बराच वेळ राहिलेल्या बाळाची त्वचा बाहेर काढताना टवटवीत दिसते, पण अंग उघडेच राहिले तर थोड्याच वेळात ती आधीपेक्षा कोरडी होते, त्याचे कारण हेच. या थरातील पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ असतात आणि पाणी अडवण्याचा बराचसा भार त्यांच्यावर असतो. गरम पाणी, जोरात घासणे आणि तीव्र साबण या तिन्ही गोष्टी मळाबरोबर हे स्निग्ध पदार्थही काढून टाकतात. नको असलेला तेलकटपणा आणि हवा असलेला तेलकटपणा यांत साबणाला फरक करता येत नाही.

दुसरी गोष्ट सामूची, म्हणजे लेबलवर जिला पीएच म्हणतात तिची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. जन्मतः बाळाच्या त्वचेचा सामू उदासीन पातळीच्या जवळ असतो आणि पुढील काही आठवड्यांत तो ५.५ च्या आसपास उतरतो. पारंपरिक वडीचा साबण अल्कधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ९ ते १० असतो. त्याने धुतल्यावर त्वचेचा सामू काही काळ वर जातो आणि संरक्षक थराची डागडुजी करणारी विकरे त्या काळात नीट काम करत नाहीत. एखाद्या धुण्याने बिघडत नाही. रोज सर्वांगाला साबण लावल्याने मात्र त्वचेला सावरायला उसंत मिळत नाही.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हातापायांची त्वचा सोलवटून निघते, ती गोष्ट वेगळी आहे. गर्भजलातून कोरड्या हवेत आलेल्या बाळाची वरची त्वचा तशी गळतेच. तिच्यासाठी क्लेन्झर बदलण्याची गरज नाही आणि सुटलेली टोके ओढून काढण्याचीही नाही.

किती वेळा न्हाऊ घालावे

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास तरी घालू नये. पुढच्या काळाबद्दल अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संस्था सांगते, की पहिल्या वर्षात आठवड्यातून तीन वेळा आंघोळ पुरेशी असू शकते. रांगायला न लागलेले बाळ खरे म्हणजे मळत नाही. त्याच्या अंगावर जे साचते ते ठरावीक जागी साचते: मानेच्या वळ्यांत ओघळलेले दूध, काखेत आणि मांड्यांच्या वळ्यांत घाम, आणि लंगोटाखालचा भाग. या जागा मात्र रोज कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने पुसायला हव्यात, आणि लंगोटाखालचा भाग प्रत्येक वेळी लंगोट बदलताना स्वच्छ करायला हवा.

त्वचा कोरडी असेल तर रोजची आंघोळ बंदच करावी का, असा प्रश्न हमखास येतो. माझ्या मते दिवस मोजण्यापेक्षा त्या आंघोळीत काय होते ते पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. साध्या कोमट पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ आणि तिच्या पाठोपाठ लगेच लावलेले मॉइश्चरायझर ही जोडी रोज पाळली तरी त्वचेला सहसा त्रास होत नाही. उलट वीस मिनिटांची, गरम पाण्याची आणि फेसाने भरलेली आंघोळ आठवड्यातून तीनदा घातली तरी ती त्वचा कोरडी करते. ज्या घरात झोपेच्या वेळेची शिस्त आंघोळीवर बसलेली आहे, तिथे ती मोडण्याचे कारण नाही. फक्त क्लेन्झरचे दिवस आठवड्यातून दोन-तीन ठेवावेत आणि बाकीचे दिवस नुसत्या पाण्याचे असावेत. उकाड्यात घामामुळे रोज पाणी लागेल आणि थंड, कोरड्या हवेत एक दिवसाआड पुरेल, एवढा फरक ज्याने त्याने आपापल्या हवेप्रमाणे करावा.

केसांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा. डोक्यावर खपली नसेल तर आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा शांपू पुरतो. खपली असेल तर काही काळासाठी दोन ते तीन वेळा शांपू लागतो, आणि ती गेली की पुन्हा पहिल्या प्रमाणावर यावे. काही महिन्यांच्या बाळाचे जन्मतःचे केस गळतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला टक्कल पडल्यासारखी जागा दिसते. तो शांपूचा दोष नसतो. ते केस आपल्या वेळेने गळतात आणि नवे येतात.

क्लेन्झर निवडताना बाटलीची मागची बाजू वाचावी

बाटलीच्या पुढच्या बाजूला लिहिलेल्या बहुतेक शब्दांना कोरड्या त्वचेच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. ‘नैसर्गिक’ म्हटलेल्या उत्पादनात सुगंधी तेले असू शकतात आणि ती त्वचेला चुरचुरू शकतात. ‘हायपोॲलर्जेनिक’ या शब्दाची सर्वत्र सारखी लागू होणारी पक्की व्याख्या नाही. ‘डोळ्यांना झोंबत नाही’ याचा अर्थ तेवढाच घ्यावा. त्वचा कोरडी होणार नाही, अशी हमी त्यात नसते. म्हणून बाटली उलटी करून घटकांची यादी वाचण्याची सवय लावावी. यादीत सुरुवातीचे घटक सर्वांत अधिक प्रमाणात असतात, त्यामुळे पहिली पाच-सहा नावे वाचली तरी बरेच कळते.

वडीच्या यादीत सोडियम पामेट, सोडियम कोकोएट किंवा सोडियम टॅलोएट अशी नावे आरंभीच दिसली, तर तो खरा साबण आहे, म्हणजे अल्कधर्मी आहे. वेष्टनावर बाळाचे चित्र असले तरी ते बदलत नाही. कोरड्या त्वचेसाठी तो बाजूला ठेवावा. त्याऐवजी ‘साबणविरहित’ किंवा ‘सिंडेट’ म्हणवला जाणारा प्रकार घ्यावा. यातली वडी असेल तर यादीत सोडियम कोकोइल आयसेथायोनेट हे नाव बहुधा वरच्या जागी असते. लिक्विड असेल तर डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बीटेन यांसारखी सौम्य द्रव्ये शोधावीत. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्वचेला चुरचुरणारे म्हणून परिचित असलेले द्रव्य आहे, ते टाळावे. त्याच्याशी नावाने जवळचे सोडियम लॉरेथ सल्फेट त्याहून सौम्य असते, पण त्वचा कोरडी असताना त्याच्याही वाटेला न गेलेले बरे. सामू ५.५ च्या आसपास असल्याचे लेबलवर लिहिले असेल तर उत्तम.

यानंतर सुगंधाकडे पाहावे. यादीत परफ्यूम, पार्फम किंवा फ्रॅग्रन्स यांपैकी काही असेल तर ती बाटली घेऊ नये, कारण सुगंधी द्रव्ये हे त्वचेच्या ॲलर्जीचे नेहमीचे कारण आहे. इथे एक बारकावा आहे: ज्यावर ‘वास नसलेले’ असे लिहिलेले असते, त्यात मूळ वास झाकण्यासाठी घातलेले सुगंधी द्रव्य असू शकते. त्यामुळे ‘सुगंधविरहित’ असे स्पष्ट लिहिलेले घ्यावे आणि तरीही यादी पाहावीच. टिकाऊपणासाठी घातल्या जाणाऱ्या घटकांपैकी मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जीसाठी कुप्रसिद्ध आहे, तेही टाळावे.

सौम्य क्लेन्झरला फेस कमी येतो आणि इथेच नव्या पालकांचा विश्वास डळमळतो. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. फेस येत नाही म्हणून दुप्पट लिक्विड घेतले, तर सौम्य उत्पादन निवडण्याचा उपयोगच राहत नाही. पाणी जड असेल तर साबणाचा चिकट पांढरट साका त्वचेवर राहतो, तो सिंडेटमध्ये तयार होत नाही. जड पाण्याच्या भागात साबण सोडण्याचे हे आणखी एक कारण आहे. आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशक द्रव टाकू नये. त्याची निरोगी बाळाला गरज नसते आणि कोरड्या त्वचेला तो चुरचुरतो. पाण्यात मिसळायच्या मॉइश्चरायझिंग तेलांवरही खर्च करण्याचे कारण नाही. एक्झिमा असलेल्या मुलांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या जोडीला पाण्यात अशी द्रव्ये मिसळल्याने विशेष फायदा आढळला नाही. शिवाय त्यांनी टब आणि बाळ दोन्ही निसरडे होतात.

नवे उत्पादन आणल्यावर पहिल्याच दिवशी सर्वांगाला लावू नये. दंडाच्या आतल्या बाजूला एका लहान जागी पातळ करून लावावे, धुवावे, आणि असे तीन-चार दिवस करून तिथे लाली किंवा पुरळ येत नाही ना ते पाहावे. एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि कपड्यांची पावडर एकाच आठवड्यात बदलली, तर पुरळ कशाने उठले ते कळायला मार्ग उरत नाही.

पाण्याला हात लावण्याआधीची तयारी

बाळ पाण्यात असताना त्याला क्षणभरही सोडून जायचे नसते. अगदी उथळ पाण्यातही बाळ बुडू शकते, आणि त्याचा आवाजही होत नाही. टबातले बसण्याचे आसन किंवा कडे हे सोयीचे साधन आहे, सुरक्षिततेचे नव्हे. त्यामुळे लागणाऱ्या सगळ्या वस्तू आधीच हाताच्या अंतरावर मांडाव्यात: दोन मऊ टॉवेल, दोन लहान सुती कापडे, क्लेन्झर, मॉइश्चरायझर, स्वच्छ लंगोट, कपडे, एक लहान मग, आणि दोन वेगवेगळी भांडी. यांपैकी एक टब अंगासाठी आणि दुसरे पसरट भांडे फक्त डोक्यासाठी. एखादी वस्तू विसरलीच, तर बाळाला टॉवेलमध्ये गुंडाळून बरोबर घेऊन जावे.

खोली उबदार असावी आणि वारा येणारी खिडकी, तसेच पंखा बंद असावा. टबात आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम मिसळावे आणि हाताने चांगले ढवळावे, कारण न ढवळलेल्या पाण्यात एका बाजूला गरम पट्टा राहतो. पाणी ३७ ते ३८ अंश सेल्सियस, म्हणजे शरीराच्या तापमानाइतके असावे. तापमापी नसेल तर कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवून पाहावी. पाणी ना गरम ना गार असे, जेमतेम कोमट लागायला हवे. तळहाताला उष्णतेची सवय असते, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. टबात पाच सेंटिमीटर खोल पाणी पुरे. बाळ टबात असताना नळ चालू ठेवू नये.

पहिला भाग: केस, अंग कोरडे असतानाच

पुष्कळ ठिकाणी केस आंघोळीच्या शेवटी, बाळ टबात असतानाच धुवायला सांगतात. ओल्या डोक्यातून उष्णता लवकर जाते, म्हणून डोके कमीत कमी वेळ ओले राहावे, हे त्यामागचे कारण रास्त आहे. पण त्या पद्धतीत शांपूचे पाणी पाठीवरून उतरते आणि बाळ त्याच पाण्यात बसून राहते. त्वचा कोरडी असेल तर मला उलटा क्रम अधिक पसंत आहे: बाळाचे अंग टॉवेलमध्ये गुंडाळलेले आणि कोरडे असताना, वेगळ्या भांड्यावर, केस आधी धुवावेत. डोके ओले असते तेव्हा अंग झाकलेले राहते आणि अंग ओले होते तेव्हा डोके कोरडे झालेले असते, त्यामुळे थंडीचा प्रश्नही सुटतो.

बाळाला मानेपासून खाली टॉवेलमध्ये नीट गुंडाळावे, हात आत ठेवून. मग त्याची पाठ आपल्या एका हाताच्या बाहूवर येईल, कंबर आपल्या कुशीत दाबलेली राहील आणि डोके त्याच हाताच्या पंजात बसेल, अशा रीतीने धरावे. अंगठा आणि बोटे कानांच्या मागे टेकतात आणि मानेला पूर्ण आधार मिळतो. डोके भांड्याच्या वर, किंचित मागे झुकलेले असावे. दुसऱ्या हाताने मगातले कोमट पाणी कपाळाच्या केसरेषेपासून मागच्या दिशेने ओतावे. पाणी बारीक धारेने आणि जवळून सोडावे. उंचावरून पडलेल्या पाण्याने बाळ दचकते.

शांपूचे प्रमाण वाटाण्याएवढे पुरते. तो थेट डोक्यावर ओतू नये. आधी ओल्या तळहातावर घेऊन पसरावा आणि मग बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, लहान लहान वर्तुळांत अर्धा मिनिट फिरवावा. कपाळाच्या वरचा मऊ भाग, म्हणजे टाळू, पालकांना भीती घालतो आणि बरेच जण तिथे हातच लावत नाहीत. परिणामी खपली नेमकी तिथेच सर्वांत जाड होते. टाळूखाली अजून हाड जुळलेले नसले तरी तिथले आवरण चिवट असते, आणि हलक्या हाताने धुतल्याने किंवा मऊ ब्रश फिरवल्याने त्याला इजा होत नाही. दाबू मात्र नये.

धुऊन काढणे हा या भागाचा कळीचा टप्पा आहे. शांपूला जितका वेळ दिला त्याच्या दुप्पट वेळ पाणी घालावे आणि कानांच्या मागची घडी व मानेचा वरचा भाग विसरू नये, कारण राहिलेला शांपू तिथेच साचतो आणि काही दिवसांनी लाल, चिरलेली रेघ दिसू लागते. बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागत असेल तर अजून पाणी हवे. कपाळावर आडवा तळहात किंवा घडी केलेले कापड धरले तर पाणी डोळ्यांत जात नाही. केस लगेच कोरड्या टॉवेलने टिपावेत, घासू नयेत.

खपली असेल तर

डोक्यावरची ही खपली निरुपद्रवी असते. ती अस्वच्छतेमुळे होत नाही, एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही आणि सहसा खाजतही नाही. बहुधा काही महिन्यांत ती आपोआप जाते. आईच्या संप्रेरकांच्या प्रभावाने बाळाच्या तैलग्रंथी काही काळ अधिक सक्रिय असतात आणि त्वचेवर राहणारी मॅलेसेझिया नावाची बुरशी त्या तेलावर पोसते, असे तिचे कारण मानले जाते.

ती मऊ करण्यासाठी केस धुण्याच्या साधारण पंधरा मिनिटे आधी खपलीवर पेट्रोलियम जेली किंवा खनिज तेल यांचा पातळ थर लावावा. वनस्पतिजन्य तेलांपेक्षा मी हे सुचवतो, कारण ही बुरशी स्निग्धाम्लांवर जगते आणि खनिज तेलात ती नसतात. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्ल भरपूर असते. ते त्वचेच्या संरक्षक थराला सैल करते, म्हणून ते डोक्यावरही नको आणि कोरड्या अंगावरही नको. खपली मऊ झाल्यावर मऊ केसांच्या ब्रशने हलकेच सोडवावी, जेवढी सुटेल तेवढीच, आणि मग वर सांगितल्याप्रमाणे शांपूने धुवावे. लावलेले तेल पूर्ण निघाले नाही तर ते खपलीत मुरून तिला आणखी जाड करते. अशा वेळी त्याच बैठकीत वाटाणाभर शांपू पुन्हा घ्यावा. नखाने खपली उचकटू नये, त्याने त्वचा सोलते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. सुटलेल्या खपलीबरोबर थोडे केस येतात, ते पुन्हा उगवतात. मोठ्यांचे कोंडानाशक शांपू, विशेषतः सॅलिसिलिक आम्ल असलेले, बाळाला लावू नयेत, कारण ते त्वचेतून शोषले जाऊ शकते.

दुसरा भाग: अंग, बहुतांशी नुसत्या पाण्याने

केस टिपून झाल्यावर टॉवेल सोडून बाळाला टबात घ्यावे, पाय आधी आणि डोके शेवटी. एक हात बाळाच्या खांद्यामागून नेऊन त्याचा पलीकडचा दंड काखेजवळ पकडावा; हा हात आंघोळ संपेपर्यंत सोडायचा नाही. दुसऱ्या हाताने स्वच्छ कापड पाण्यात बुडवून आधी चेहरा पुसावा. डोळे नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने पुसावेत आणि प्रत्येक डोळ्यासाठी कापडाचा वेगळा कोपरा घ्यावा. चेहऱ्याला क्लेन्झर लावू नये. मग मानेच्या वळ्या, काखा, हातांची मूठ उघडून बोटांच्या बेचक्या, मांड्यांच्या वळ्या, आणि सर्वांत शेवटी लंगोटाखालचा भाग.

क्लेन्झर लावायचा दिवस असेल तरी तो काखा, वळ्या आणि लंगोटाखालचा भाग एवढ्यापुरताच, तोही आंघोळीच्या शेवटच्या मिनिटात, म्हणजे बाळ त्या पाण्यात बसून राहत नाही. पाठ, पोट, नडग्या आणि हात यांना पाणीच पुरते. कोरड्या नडग्यांना ‘स्वच्छ’ करण्यासाठी क्लेन्झर लावणे हा कोरडेपणा टिकून राहण्याचा सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. शेवटी मगातल्या वेगळ्या, स्वच्छ कोमट पाण्याने त्या जागा धुवाव्यात. सगळे मिळून पाच मिनिटे, फार तर दहा.

बाहेर काढल्यावर टॉवेलने टिपून घ्यावे, वळ्या मात्र पूर्ण कोरड्या कराव्यात. त्वचा किंचित दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, सुगंधविरहित मॉइश्चरायझर लावावे. मलम सर्वांत जास्त पाणी धरून ठेवते, क्रीम त्याहून कमी आणि पातळ लोशन सर्वांत कमी. खरखरीत जागांना मलम किंवा घट्ट क्रीम आणि बाकी अंगाला काही नाही, असे विभागले तरी चालते. केसांच्या वाढीच्या दिशेने हात फिरवावा आणि त्वचा हलकी चमकेल इतकेच लावावे. मॉइश्चरायझर कोरडेपणावर उपाय आहे. ते रोज लावल्याने पुढे एक्झिमा होणारच नाही, असे नाही. ब्रिटनमध्ये सुमारे चौदाशे नवजात बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षभर रोज मॉइश्चरायझर लावूनही एक्झिमा टळल्याचा पुरावा मिळाला नाही. त्यामुळे ज्या बाळाची त्वचा मुळात मऊ आहे, त्याला ते लावण्याची सक्ती नाही.

एक उदाहरण

समजा, साडेतीन महिन्यांचे बाळ आहे. त्याला रोज वीस मिनिटे आंघोळ घातली जाते, वडीचा सुगंधी साबण सर्वांगाला लावला जातो आणि डोक्याला तेल रोज लागते, पण शांपू आठवड्यातून एकदाच. नडग्यांवर पांढरट कोंडा, गाल खरखरीत, डोक्यावर जाड खपली.

पहिल्या आठवड्यात रोजच्या आंघोळीत नवे काहीच आणू नये, फक्त काढून टाकावे: साबण बंद, आंघोळ पाच मिनिटांची आणि नुसत्या पाण्याची, डोक्याचे रोजचे तेल बंद. घरात आधीपासून बाळाला मानवलेले सुगंधविरहित क्रीम असेल, तर ते आंघोळीनंतर नडग्यांना आणि गालांना लावावे. याच आठवड्यात नवा सिंडेट दंडाच्या आत चाचणी म्हणून लावून पाहावा. दुसऱ्या आठवड्यापासून तोच सिंडेट, लेबलवर केसांसाठीही चालतो असे लिहिलेले असल्यास, सोमवार, गुरुवार आणि शनिवार या दिवशी केसांना आणि वळ्यांना वापरावा. सोमवारी आणि गुरुवारी आधी पंधरा मिनिटे खपलीवर पेट्रोलियम जेली लावावी. बाकीच्या दिवशी पाणी.

सुधारणा होते आहे हे कसे ओळखावे? आंघोळीनंतर दोन तासांनी नडगीवरून बोटाची मागची बाजू फिरवावी. आंघोळीनंतर लगेच पाहिले तर त्वचा नेहमीच मऊ लागते, त्यातून काही कळत नाही. दोन तासांनीही ती मऊ असेल, तर दिशा बरोबर आहे. खरखरीतपणा परतत असेल तर क्रीमऐवजी मलम घ्यावे आणि ते दिवसातून दुसऱ्यांदा, आंघोळीशिवायही, लावावे. नडग्या सुधारल्या पण मानेच्या वळ्या लाल झाल्या, तर बहुधा मलम वळ्यांत साचते आहे किंवा तिथला ओलावा पुसला जात नाही. तिथे मलम बंद करावे. खपली दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस काठांकडून पातळ होऊ लागते आणि टाळूवरची सर्वांत शेवटी जाते. पूर्ण गेल्यावर जेली बंद करून शांपू आठवड्यातून एकदा ठेवावा.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे

दोन आठवडे असे करूनही त्वचा खरखरीत, लाल आणि खाजरी राहिली, बाळ गाल अंथरुणावर घासू लागले किंवा खाजेने झोपेतून उठू लागले, तर तो साधा कोरडेपणा नसून एक्झिमा असू शकतो. त्याला केवळ मॉइश्चरायझर पुरत नाही. एक्झिमा बहुधा गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर दिसतो, तर लंगोटाखालची दमट जागा बऱ्याचदा त्यातून सुटते. खपली डोक्यावरून कपाळ, भुवया आणि काखांपर्यंत पसरली, किंवा तिच्याखालची त्वचा लाल होऊन पाझरू लागली, तरीही दाखवावे.

मधासारख्या पिवळ्या पापुद्र्याच्या जखमा, पू, पाण्याने भरलेले फोड किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसल्यास त्याच दिवशी जावे. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक ताप असेल, तर त्वचेचे काहीही असो, विलंब न करता डॉक्टर गाठावेत. जाताना क्लेन्झर आणि मॉइश्चरायझर यांच्या बाटल्या बरोबर न्याव्यात किंवा त्यांच्या घटकांच्या यादीचे फोटो काढून न्यावेत, आणि त्या दिवशी त्वचेवर काही न लावता बाळाला दाखवावे, कारण मलमाच्या थराखालची लाली आणि कोंडा नीट दिसत नाही.